उद्यापासून आजारी रजा, परवा जीएसटीआर-१ची शेवटची तारीख: सरांना मेसेज कसा लिहू?

माहीमकरीण | ९ ऑगस्ट, रात्री ९:४०

मशीद बंदरच्या एका भागीदारी पेढीत अकाउंट्स बघते. कालपासून ताप आहे. डॉक्टरांनी उद्या सकाळी सीबीसी आणि एनएस१ करायला सांगितलंय आणि निदान तीन दिवस घराबाहेर पडू नका म्हणाले. परवा ११ तारीख, जुलैचं जीएसटीआर-१ माझ्याकडे अर्धवट आहे आणि सप्लायरांची पेमेंटंही अडकलीत. सरांना हा मेसेज लिहिलाय, अजून पाठवला नाही. काय काढू, काय घालू?

> नमस्कार सर, रात्री त्रास देतेय त्याबद्दल माफ करा. मला कालपासून खूप ताप आहे, अंग दुखतंय, डोकं उचलवत नाही, उलट्याही झाल्या. डॉक्टर म्हणाले डेंग्यू असू शकतो. त्यामुळे उद्या येणं जमेल असं वाटत नाही. परवा नक्की येते. जीएसटीआर-१ जवळजवळ झालंय, थोडंच बाकी आहे. पेमेंटचंही तेवढं बघायचंय. राकेशला थोडी कल्पना आहे. काही लागलं तर फोन करा, मी आहेच. पुन्हा एकदा सॉरी सर.

साडेआठची_फास्ट | रात्री ९:५२

आधी काळजी घे गं. मेसेजमधलं पहिलंच वाक्य उडव. सर सकाळी लोकलमध्ये उभे असतील तर त्यांना नोटिफिकेशनची पहिली ओळ दिसते, बाकी मेसेज उतरल्यावर उघडतात. त्या ओळीत "त्रास देतेय, माफ करा" असेल तर तू येणार नाहीस हे त्यांना ऑफिसात पोचल्यावर कळणार. पहिले शब्द "उद्या १० ते १२ आजारी रजा" हेच हवेत.

किरकोळ_रजा | रात्री १०:०५

व्हॉट्सॲपवर रजा हा प्रकारच मुळात चुकीचा. रीतसर अर्ज द्यावा. "प्रति, मा. कार्यालय प्रमुख, विषय: वैद्यकीय कारणास्तव रजा मिळणेबाबत" असा मथळा, खाली रजेचा कालावधी, रजेवरचा पत्ता, सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र. तीन दिवसांसाठी नैमित्तिक रजा पुरेल. लांबलं तर परिवर्तित रजा टाका, म्हणजे अर्धवेतनी खात्यातून एका दिवसाला दोन दिवस वजा होतील पण पगार पूर्ण मिळेल. रुजू होताना फिटनेस जोडायला विसरू नका.

साडेआठची_फास्ट | रात्री १०:०९

काका, हे मंत्रालयातलं झालं. ती मशीद बंदरला आहे. तिथे परिवर्तित रजा मागितली तर शेठ विचारतील, हे कुठलं व्हाउचर.

खतावणी | रात्री १०:१८

रजेचा भाग दोन ओळींत आटपेल. खरी भीती पुढच्या दोन वाक्यांची आहे, "जवळजवळ झालंय" आणि "पेमेंटचंही तेवढं बघायचंय". परवा पोर्टलसमोर बसणाऱ्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. उलट त्याची दिशाभूल होते, कारण जवळजवळ झालेलं काम लोक शेवटच्या संध्याकाळवर ढकलतात, आणि ११ च्या संध्याकाळी पोर्टल कसं चालतं ते सगळ्यांना माहीत आहे.

मसुदा सुधारण्याआधी एवढं सांगा. डेटा अजून टॅलीतच आहे की जेसन पोर्टलवर चढवलंय? चढवलं असेल तर स्टेटस काय दाखवतंय? फाइल करताना ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो? आणि पेमेंट "बघायचंय" म्हणजे बॅच बनवायची आहे, की बनवून मंजुरीला गेली आहे?

माहीमकरीण | रात्री १०:३१

जेसन काल संध्याकाळी चढवलं. स्टेटस `Processed with Error` आलंय. दोन बिलांत पार्टीचा जीएसटीआयएन चुकलाय, बाकी सगळं गेलं. टेबल १२ भरलंय, १३ राहिलंय. ओटीपी धाकट्या शेठच्या नंबरवर जातो, ते १२ तारखेपर्यंत सुरतेला आहेत. पेमेंटची बॅच मी मेकर म्हणून काल टाकली, सहा सप्लायर, एकूण ३,८४,०००. चेकर सर आहेत, त्यांनी अजून मंजूर केलेली नाही. त्यातल्या दोघांचे एमएसएमईचे ४५ दिवस १२ तारखेला संपतात. बॅचची व्हाउचरं टॅलीत अजून टाकलेली नाहीत, पैसे गेल्यावर टाकते.

रोकडा | रात्री १०:३८

एवढं कशाला? जीएसटीचा यूजर आयडी-पासवर्ड ऑफिसच्या ग्रुपवर टाक, राकेश करेल. एक-दोन दिवस उशीर झालाच तर दिवसाला ५० रुपये लेट फी, जग बुडत नाही. आणि सिक लीव्ह कायद्याने वर्षाला ७ दिवस मिळतेच, सर्टिफिकेट मागायचा त्यांना हक्क नाही.

खतावणी | रात्री १०:५५

रोकडा, ५० चा आकडा बरोबर आहे, पण नुकसान तिथे होतच नाही. जुलैचं जीएसटीआर-१ ११ ऑगस्टला रात्री १२ च्या आत गेलं तरच ती बिलं ग्राहकाच्या जुलैच्या २बी मध्ये दिसतात. ती २बी १४ तारखेला तयार होते. १२ ला सकाळी भरलंत तर तुमच्या प्रत्येक ग्राहकाचं क्रेडिट एक महिना पुढे गेलं. मशीद बंदरच्या धंद्यात त्याचा अर्थ असा की पार्टी जीएसटीएवढी रक्कम पुढच्या पेमेंटमधून कापून ठेवते आणि वसुलीचे फोन राकेशला करावे लागतात. शिवाय जीएसटीआर-१ गेल्याशिवाय ३बी भरता येत नाही, म्हणजे २० तारीखही त्याच दोरीला बांधलेली.

पासवर्ड ग्रुपवर टाकायचा नाही. ग्रुपमधून माणसं निघून जातात, मेसेज त्यांच्या फोनमध्ये राहतो. राकेशला फोनवर सांगा आणि परत आल्यावर बदला. पण पासवर्ड मिळाला तरी काम होत नाही, कारण ओटीपी सुरतेला वाजणार आहे. नुसतं "ओटीपी शेठकडून घ्या" लिहिलं तर राकेश सगळं भरून बसेल आणि शेठ जेवत असतील. ओटीपी थोड्या वेळात शिळा होतो, मग पुन्हा पाठवा, पुन्हा फोन करा. म्हणून वेळ ठरवून लिहा, आणि शेठना सांगायचं काम सरांवर टाका. तुम्ही आजारपणात शेठना फोन करत बसू नका.

आता तुमचं `Processed with Error`. हे वाचून कुणालाही वाटतं की अपलोड झालंय, म्हणजे बिलं आत आहेत. ज्या बिलांत चूक होती ती आत नाहीत. राकेश टेबल १३ भरेल, ओटीपी टाकेल, `Filed` दिसेल, एआरएन येईल, आणि दोन बिलं बाहेर. म्हणून हँडओव्हरमध्ये आकडा द्या. टॅलीत जुलैची करपात्र विक्री किती आणि पोर्टलच्या समरीत आत्ता किती दिसतेय? तो फरक त्या दोन बिलांएवढा असला पाहिजे.

माहीमकरीण | रात्री ११:०४

टॅलीत ४८,६२,३००. पोर्टलवर ४७,४९,८००. दोन बिलं मिळून १,१२,५००. जुळतंय.

खतावणी | रात्री ११:१०

मग हँडओव्हरचं सर्वात कामाचं वाक्य तयार झालं: "समरीत ४८,६२,३०० दिसल्याशिवाय फाइल करू नये." राकेशला जीएसटी कमी येत असला तरी हा आकडा तो ताडून बघू शकतो.

पेमेंटचं याच्या उलट आहे. तिथे काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही ते आधी लिहा. बॅच मंजुरीला अडकलेली, व्हाउचर टॅलीत नाही. म्हणजे राकेशला टॅलीत सहाही सप्लायर उधार दिसणार. त्यातल्या एकाचा तगादा आला की राकेश स्वतःच्या लॉगिनने नवीन बॅच टाकेल. मग सर दुपारी मोबाइलवर दोन्ही मंजूर करतील, कारण नावं ओळखीची, रकमाही ओळखीच्या. सप्लायरकडे दोनदा गेलेले पैसे परत येतात, पण बहुतेकदा पुढच्या बिलात वळते होऊन.

दिवा_जंक्शन | रात्री ११:२०

डिस्पॅचवाल्यांसाठीही याचंच एक सांगतो, कारण हे आमच्याकडे वरचेवर होतं. आमचा माणूस आजारी पडतो तेव्हा "भिवंडीहून निघालेल्या गाडीचं ई-वे बिल बघा" असं लिहून जातो. बघा म्हणजे काय बघा? मुदत वाढवायची खिडकी संपण्याआधी ८ तास आणि संपल्यावर ८ तास एवढीच असते. मुदत रात्री १२ ला संपते, म्हणजे दुपारी ४ ते सकाळी ८. हे तास लिहिले नाहीत तर दुसरा माणूस सकाळी १० ला ऑफिसात येऊन बघतो, तोवर खिडकी बंद. तारीख पुरत नाही, वेळ लिहा, आणि गाडी कुठे अडकलीय तो पिनकोडही, कारण वाढवताना तो भरावा लागतो.

माधवी_एचआर_ठाणे | रात्री ११:२६

रोकडा यांच्या रजेच्या मुद्द्याबद्दल. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा आहे, आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजा. "सिक लीव्ह" असं वेगळं खातं त्यात नाही. बहुतेक ऑफिसांत जी सिक लीव्ह असते ती कंपनीच्या धोरणाची. त्यामुळे सर्टिफिकेट कितव्या दिवसापासून लागतं तेही तुमच्या धोरणात किंवा नेमणूकपत्रात बघायचं, कायद्यात सापडणार नाही.

दुसरं, पगार २१,००० च्या आत असेल आणि ईएसआयसी कापली जात असेल तर हिशोब वेगळा. तिथे आजारपणाचा भत्ता रोजच्या मजुरीच्या ७० टक्के मिळतो, पण साधारणपणे आजाराचे पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. त्यासाठी ईएसआयच्याच डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. गल्लीतल्या डॉक्टरची चिठ्ठी सरांना चालेल, भत्त्याला सहसा चालत नाही. तुम्हाला लागू असेल तर पहिल्याच दिवशी दवाखान्यात नोंद करा.

रोकडा | रात्री ११:३१

७ दिवस मग कुठून आले माझ्या डोक्यात? आमच्या कंपनीचं धोरण असणार. बरं. पण सर्टिफिकेट आणि रिपोर्ट ग्रुपवर टाकायला लावतात ते तरी चूक ना?

माधवी_एचआर_ठाणे | रात्री ११:३६

ग्रुपवर टाकूच नका. रजेचा मेसेज सरांना एकट्याला, कामाचा तपशील वेगळ्या मेलवर राकेशला सीसी करून. तो मेल पुढे ऑडिटरपर्यंत जाईल, त्यात उलट्या आणि प्लेटलेट कशाला? सरांच्या मेसेजमध्येही आजाराचं नाव न लिहिलेलं बरं, "ताप, डॉक्टरांनी तीन दिवस विश्रांती सांगितली" एवढं बास.

साडेआठची_फास्ट | रात्री ११:४०

इथे पटलं नाही. "ताप" लिहिलं की साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी विचारतात, उतरला का? मग घरून दोन तास बसतेस का? पावसाळ्यात मुंबईत डेंग्यू म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

माधवी_एचआर_ठाणे | रात्री ११:४४

रिपोर्ट यायच्या आधी डेंग्यू लिहिलं आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तर? मग साधा ताप होता का, असं ऐकावं लागतं.

किरकोळ_रजा | रात्री ११:४९

ताप उतरला की रुजू व्हावं, उगाच लांबवू नये. "परवा नक्की येते" लिहिलंय ते चांगलं लिहिलंय. वरिष्ठांना बरं वाटतं.

खतावणी | रात्री ११:५८

नाही काका, डेंग्यूची शंका असताना तेच वाक्य आधी काढायला हवं. डेंग्यूत ताप उतरतो साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, आणि प्लेटलेट घसरायचा, रक्तदाब पडायचा धोका नेमका तेव्हाच असतो. बरं वाटलं म्हणून माणूस ट्रेनमध्ये चढतो आणि दादरच्या पुलावर बसकण मारतो. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता हॉस्पिटल. मेसेजमध्ये परत येण्याचं वचन नको. पुढची बातमी किती वाजता देणार ती वेळ द्या. सरांनाही तेच उपयोगाचं असतं, कारण १३ ची सोय करायची की नाही हे त्यांना १२ च्या संध्याकाळी ठरवायचं आहे.

मसुदा देतो. सरांना एकट्याला:

> सर, उद्या १० ते १२ ऑगस्ट आजारी रजेवर आहे. ताप आहे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. उद्या रक्ततपासणी आहे. रजा वाढतेय का ते १२ ला संध्याकाळी ५ पर्यंत कळवते.
> तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. १) उद्या दुपारी १२ पर्यंत बँकेत पेमेंटची बॅच मंजूर करा, सहा नावं, ३,८४,०००. २) धाकट्या शेठना उद्या दुपारी ४ ते ४:३० जीएसटीच्या ओटीपीसाठी फोनजवळ राहायला सांगा.
> बाकी तपशील मेलवर आहे, राकेशला सीसी केलंय. उद्या ११ ते ११:३० मी फोन घेईन.

आणि मेल:

> विषय: १०–१२ ऑगस्ट, अकाउंट्सचं बाकी काम
>
> जीएसटीआर-१, जुलै. शेवटची तारीख ११, पण उद्या १० लाच फाइल करायचं आहे. जेसन चढवलंय. दोन बिलं जीएसटीआयएन चुकल्याने आत गेलेली नाहीत, मिळून १,१२,५००. बिलांची पीडीएफ आणि बरोबर जीएसटीआयएन सोबत आहेत. ती दोन्ही पोर्टलवर हाताने भरावीत. टेबल १३ बाकी आहे, जुलैचा पहिला-शेवटचा बिल नंबर आणि रद्द बिलांचे नंबर सोबतच्या शीटमध्ये. समरीत करपात्र रक्कम ४८,६२,३०० आल्याशिवाय फाइल करू नये. ओटीपी दुपारी ४ ला, धाकटे शेठ. एआरएन आल्यावर या मेलला उत्तर द्यावं. करणार: राकेश.
>
> पेमेंट. बॅच मेकरकडून ८ तारखेला टाकलेली आहे, सरांच्या मंजुरीला आहे. टॅलीत सहाही पार्ट्या उधार दिसतील तरी नवीन बॅच टाकू नये. सप्लायरचा फोन आला तर "मंजुरीला आहे" एवढंच सांगावं. यूटीआर आल्यावर व्हाउचर मी परत आल्यावर टाकेन.
>
> डेबिट नोटा, लेजर कन्फर्मेशन: हात लावू नये, १३ नंतर.

करणाऱ्याचं नाव प्रत्येक कामाला एकच. "राकेश किंवा सर" असं लिहिलं की दोघेही दुसऱ्याची वाट बघतात.

दिवा_जंक्शन | १० ऑगस्ट, रात्री १२:०७

"हात लावू नये" ही ओळ आवडली. बदली माणूस उत्साहाने नेमकं तेच काम आधी उपसतो.

माहीमकरीण | रात्री १२:१५

खतावणी, एक शंका. पैसे उद्या गेले आणि व्हाउचर मी परत आल्यावर टाकलं, तर तोवर टॅलीत उधारीच दिसत राहील ना? ११ ला दुसरं कुणी बघितलं तर?

खतावणी | रात्री १२:२२

बरोबर पकडलंत, ते वाक्य बदला. मंजुरी झाली की यूटीआर सर राकेशला पाठवतील आणि व्हाउचर राकेश त्याच दिवशी टाकेल, नरेशनमध्ये यूटीआर लिहून. सरांच्या मेसेजमध्ये मात्र तिसरी गोष्ट वाढवू नका, ती मेलमध्येच राहू दे. फोनवर वाचताना दोनच लक्षात राहतात.

साडेआठची_फास्ट | रात्री १२:२६

११ ते ११:३० ची खिडकी चांगली आहे, पण ताप जास्त असेल तर तीही नको. मी असते तर ती ओळ काढली असती. सगळं लिहून दिल्यावर फोन कशाला लागावा?

खतावणी | रात्री १२:३१

लागतो. एरर यादीत तिसरं बिल निघालं तर तो जीएसटीआयएन तिलाच माहीत असणार. खिडकी दिली नाही तर फोन बंद होत नाहीत, दिवसभर येत राहतात.

साडेआठची_फास्ट | रात्री १२:३३

ज्यांचे साहेब खिडकी पाळतात त्यांच्यासाठी ठीक.

माहीमकरीण | रात्री १२:४४

खिडकी ठेवली. आजाराचं नाव घातलं नाही. मेल आत्ता पाठवला. सरांचा मेसेज सकाळी ७ ला पाठवणार आहे, ते सात-चाळीसला डोंबिवलीहून निघतात.

माधवी_एचआर_ठाणे | रात्री १२:४९

मेल गेलाय तर मेसेजही आत्ताच जाऊ दे. मेल राकेशने आधी वाचला आणि सरांना सकाळी त्याच्याकडून कळलं, तर ते नको. रात्रीचा मेसेज ते सकाळीच बघतील. वाजला तर वाजला.

माहीमकरीण | रात्री १२:५२

पाठवला.

रोकडा | सकाळी ८:३५

मधे रविवार आला तर तो सिक लीव्हमध्ये धरतात का? आमच्याकडे शनिवार आणि सोमवार आजारी असलं की तीन दिवस कापतात.

माधवी_एचआर_ठाणे | सकाळी ९:१०

ते सँडविच धोरण, प्रत्येक कंपनीचं वेगळं. लेखी नसेल तर लेखी मागा. वेगळा धागा काढा, तिथे बरेच जण भांडायला येतील.

माहीमकरीण | संध्याकाळी ५:२०

सरांनी बॅच साडेअकराला मंजूर केली. जीएसटीआर-१ अजून `Filed` नाही. समरीत ४८,६२,३०० येतंय, पण राकेश म्हणतो टेबल १३ मध्ये रद्द बिलाचा नंबर घातला की निव्वळ संख्या एकने कमी दिसते. कुणी सांगेल का?

खतावणी | संध्याकाळी ५:२८

तशीच दिसायला हवी. एकूण बिलांतून रद्द वजा होऊन निव्वळ येते. शीटमधल्या बिलांची संख्या मोजून घ्यायला सांगा आणि शेठना पुन्हा फोन लावायला सांगा, चारचा ओटीपी कधीच गेला. तुम्ही मात्र फोन ठेवा आता. एनएस१ चं काय आलं?